विश्लेषण : एकाच घरातल्या देण्याघेण्यावर बँकांचे कमिशन कशाला? बहुराष्ट्रीय कंपन्यांचे ‘नेटिंग’ आणि भारताच्या अटी

पुण्याजवळच्या चाकणमधील कारखाना जर्मनीतल्या पालक कंपनीकडून सुटे भाग मागवतो आणि तयार झालेले जोडभाग त्याच पालक कंपनीला विकतो. एकाच महिन्यात इकडून युरो जातात आणि तिकडून युरो येतात. दोन्ही वेळा बँक चलन बदलून देते आणि दोन्ही वेळा आपला वाटा काढून घेते. कंपनी मात्र एकच असते, मालकही तोच असतो. समूहांतर्गत देणी आणि येणी आपसात वळती करून फक्त उरलेला फरकच बँकेतून पाठवायचा, या पद्धतीला वित्त क्षेत्रात ‘नेटिंग’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतील मोठ्या समूहांमध्ये ती अनेक दशके रुळलेली आहे. भारतात समूह पातळीवरच्या अशा वळतेपणाला रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट वाट करून दिली, पण अटींसह. त्या अटींमुळे फायदा किती घटतो आणि तरीही किती उरतो, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहता येते.

चलन बदलण्याचा खर्च दिसत का नाही?

परदेशी पैसे पाठवण्याचे शुल्क म्हटले की डोळ्यांसमोर येते ते बँकेच्या विवरणपत्रातील ‘चार्जेस’ची ओळ. ती रक्कम किरकोळ असते. खरा खर्च विनिमय दरात दडलेला असतो. समजा, बाजारातला मधला दर एका युरोला १०० रुपये आहे. युरो विकत घेणाऱ्या कंपनीला बँक १००.२० रुपयांचा दर लावते आणि युरो विकणाऱ्या कंपनीला ९९.८० रुपये देते. हा वीस-वीस पैशांचा फरक ही बँकेची कमाई. विवरणपत्रात तिचा वेगळा उल्लेख नसतो, त्यामुळे अनेक उपकंपन्यांच्या लेखा विभागांना ती जाणवतही नाही.

आता चाकणच्या कारखान्याने महिन्याला ४० लाख युरो जर्मनीला द्यायचे आहेत आणि ३० लाख युरो तिथूनच यायचे आहेत असे धरू. यातले ३० लाख युरो नुसतेच जाऊन परत येतात. जाताना वीस पैसे, येताना वीस पैसे असे प्रत्येक युरोमागे चाळीस पैसे खर्च होतात. म्हणजे केवळ या येरझाऱ्यांचे महिन्याला १२ लाख रुपये. या बदल्यात कंपनीच्या हाती काहीच येत नाही. माल तोच, भाव तोच, मालकही तोच.

यावर एक देशी उतारा पूर्वीपासून आहे. निर्यातदाराला मिळालेले परकीय चलन ‘ईईएफसी’ खात्यात ठेवता येते आणि त्यातूनच आयातीचे पैसे देता येतात. पण त्या खात्यातली रक्कम पुढच्या महिन्याअखेर रुपयांत बदलावी लागते. शिवाय डॉलरमध्ये आलेले पैसे येनमध्ये द्यायचे असतील तर बदल टळत नाही. एका चलनापुरता, एका देशापुरता तो उपाय बरा. पाच-सहा देशांत पसरलेल्या समूहाला तो अपुरा पडतो.

नेटिंगमध्ये नेमके काय होते?

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील व्यवहारांची घडण वाहन-सुट्या भागांच्या उद्योगात नेहमी दिसणारी आहे. जर्मनीत पालक कंपनी, चाकणला कारखाना व अभियांत्रिकी केंद्र, अमेरिकेत विक्री व जुळणी करणारी कंपनी आणि जपानमध्ये एक कारखाना असा चौघांचा समूह घेऊ. सगळ्या रकमा हिशेबासाठी लाख युरोत मांडल्या आहेत.

एका महिन्यात भारताने जर्मनीला ४० आणि जपानला १० द्यायचे आहेत. जर्मनीने भारताला ३०, अमेरिकेला १२ आणि जपानला १८ द्यायचे आहेत. अमेरिकेकडून भारताला १५ आणि जर्मनीला २५ येणे आहे. जपानने जर्मनीला २० आणि अमेरिकेला ६ द्यायचे आहेत. एकूण नऊ देणी, बेरीज १७६ लाख युरो. प्रत्येक देण्यात दोन वेगळी चलने असल्याने हे १७६ लाख युरो पूर्ण बदलले जातात. शेकडा वीस पैशांच्या दराने म्हणजे ०.२० टक्क्याने बँकांचा वाटा होतो ३५,२०० युरो.

पहिली पायरी सोपी आहे. दोघा-दोघांनी आपापसात वळते करायचे. भारत-जर्मनीचे ४० आणि ३० वळते होऊन भारताकडून १० उरतात. अमेरिका-जर्मनीचे २५ आणि १२ वळते होऊन अमेरिकेकडून १३ उरतात. जपान-जर्मनीचे २ उरतात. अमेरिका-भारत, भारत-जपान आणि जपान-अमेरिका ही देणी एकाच दिशेची असल्याने ती जशीच्या तशी राहतात. नऊची सहा देणी झाली आणि १७६ लाखांवरून रक्कम ५६ लाखांवर आली.

दुसऱ्या पायरीत सगळ्यांनी एकमेकांशी नव्हे, तर मध्यवर्ती नेटिंग केंद्राशी हिशेब करायचा. हे केंद्र बहुधा समूहाच्या ट्रेझरी विभागात असते. प्रत्येक कंपनीचे एकूण देणे आणि एकूण येणे मांडले की चित्र फारच आटोपशीर होते. भारताला ५० द्यायचे, ४५ यायचे, म्हणजे निव्वळ देणे ५. अमेरिकेला ४० द्यायचे, १८ यायचे, म्हणजे देणे २२. जर्मनीला ६० द्यायचे, ८५ यायचे, म्हणजे येणे २५. जपानला २६ द्यायचे, २८ यायचे, म्हणजे येणे २. दोघांनी मिळून २७ भरायचे आणि दोघांना मिळून २७ मिळायचे. नऊऐवजी चार रकमा, १७६ ऐवजी २७ लाख युरो. देणाऱ्यांची बेरीज आणि घेणाऱ्यांची बेरीज नेहमी सारखीच यावी लागते. तशी आली नाही तर कुणाचे तरी बिल एका बाजूला नोंदले गेले आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे ओळखायचे.

कल्पना काही नवी नाही. व्यापारी पेठांमध्ये खतावणीत परस्पर जमा-खर्च वळते करण्याची रीत जुनीच. मुंबईतील ‘क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही संस्था बँकांचे आपसातील डॉलर-रुपयाचे व्यवहार २००२ पासून याच तत्त्वावर मिटवते. कंपन्यांच्या बाबतीत वेगळे आहे ते एवढेच की इथे सीमा ओलांडली जाते आणि प्रत्येक सीमेवर त्या देशाचा परकीय चलन कायदा व करकायदा उभा असतो.

महिन्याचे वेळापत्रक कसे चालते?

नेटिंगचे चक्र बहुतेक समूहांत महिन्यातून एकदा फिरते. ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येक कंपनीने आपली बिले सामाईक प्रणालीत भरायची असतात. कुणी भरायची, यावर दोन प्रघात आहेत. काही समूहांत पैसे द्यायचे असलेली कंपनी ‘मी इतके देणार’ म्हणून नोंद करते. काहींत पैसे यायचे असलेली कंपनी ‘मला इतके यायचे आहेत’ म्हणून. दुसऱ्या प्रघातात शिस्त अधिक असते. कारण पहिल्यात न पटलेले बिल देणेकरी नुसता गाळून टाकतो आणि येणेकरी महिनोन्महिने विचारत बसतो. दुसऱ्यात मात्र हरकत असेल तर देणेकऱ्याला ती मुदतीत, कारणासह नोंदवावी लागते. मुदत टळली की रक्कम मान्य धरली जाते. समूहांतर्गत थकबाकीचे जुने गुंते सुटतात ते याच नियमामुळे. चलन बदलाच्या बचतीइतकाच, किंबहुना काही कंपन्यांत त्याहून मोठा, हा फायदा असतो.

हरकतींचे दोन-तीन दिवस संपले की प्राथमिक विवरण निघते. त्यानंतर एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सर्व चलनांचे दर गोठवले जातात आणि त्या एकाच दरपत्रकाने सगळ्यांचा हिशेब होतो. केंद्र बाजारात उरलेल्या रकमेचे सौदे करते. सौद्यांची प्रत्यक्ष देवघेव साधारण दोन कामकाजी दिवसांनी होते, त्याच दिवशी निव्वळ देणेकऱ्यांकडून पैसे येतात आणि निव्वळ येणेकऱ्यांना जातात. चार उपकंपन्यांनी चार बँकांकडे छोट्या रकमांचे दर मागण्याऐवजी एकाच ठिकाणाहून दोन-तीन बँकांकडून दर मागवले जातात. त्यामुळे उरलेल्या रकमेवरचा फरकही घटतो.

समूहातल्या कंपन्यांना लावलेला दर बाजारातील मधल्या दराशी जुळणारा असावा लागतो, हे इथे महत्त्वाचे. केंद्राने चाकणला चढा दर लावून फायदा दुसऱ्या देशात ठेवला, तर ते ट्रान्सफर प्रायसिंगच्या चौकशीला आमंत्रण ठरते. भारतातील करअधिकारी अशा वेळी दरपत्रक आणि त्या दिवशीचा बाजारभाव दोन्ही मागतात.

भारतात कोणत्या अटी आहेत?

परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली म्हणजे ‘फेमा’खाली मूळ अपेक्षा अशी की निर्यातीचा प्रत्येक रुपया देशात यावा आणि आयातीचा प्रत्येक रुपया कागदोपत्री पुराव्यानिशी जावा. शिपिंग बिलासमोर बँकेत पैसे आल्याची नोंद आणि बिल ऑफ एंट्रीसमोर पैसे गेल्याची नोंद हवी. नेटिंगमध्ये पैसे येतही नाहीत आणि जातही नाहीत. त्यामुळे ही यंत्रणा त्याकडे संशयानेच पाहणार. मुद्दा केवळ लालफितीचा नाही. पैसे न हलवता देणे मिटल्याचे दाखवता येत असेल तर खोटे निर्यात बिल खोट्या आयात बिलासमोर वळते करून दाखवणेही सोपे होते.

रिझर्व्ह बँकेने ४ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात मध्यम मार्ग काढला. त्यानुसार परदेशातील समूह वा सहयोगी कंपन्यांशी असलेले निर्यातीचे येणे आणि आयातीचे देणे, समूहाच्या स्वतःच्या किंवा बाहेरच्या संस्थेच्या मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत, वळते करता येते. पण व्यवस्था एकाच अधिकृत बँकेच्या देखरेखीखाली चालली पाहिजे. समूहातील कंपन्यांमध्ये त्यासाठी लेखी आणि कायद्याने अंमलात आणता येईल असा करार हवा. वळते करताना दोन्ही बाजूंची रक्कम प्रत्यक्ष थकीत असायला हवी, आणि निर्यात व आयात ही दोन्ही अंगे एकाच कॅलेंडर वर्षातील असावीत. आशियाई क्लिअरिंग युनियनच्या सदस्य देशांशी झालेले व्यवहार या व्यवस्थेबाहेर ठेवावेत. इथे गंमत अशी की ही युनियन म्हणजे स्वतःच सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँकांनी आपसातली देणी ठरावीक काळाने वळती करण्याची यंत्रणा आहे.

सगळ्यात जाचक अट वेगळीच आहे. मालाच्या निर्यातीचे येणे सेवांच्या आयातीच्या देण्यासमोर वळते करता येत नाही, आणि सेवांचे येणे मालाच्या देण्यासमोर नाही. माल मालाशी, सेवा सेवेशी.

आणखी एक महत्त्वाची तरतूद नोंदींची. पैसे निव्वळ हलले तरी कागदावर प्रत्येक आयात आणि प्रत्येक निर्यात पूर्ण रकमेने, स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. बँकेने निर्यातीसाठीच्या ‘ईडीपीएमएस’ आणि आयातीसाठीच्या ‘आयडीपीएमएस’ या प्रणालींमध्ये ‘वळते केले’ अशी खूण करून संबंधित शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री आणि कंपन्यांचा तपशील द्यायचा असतो.

याच वर्षी संसदेने द्विपक्षीय नेटिंगचा एक कायदाही केला. नावातील साधर्म्यामुळे घोटाळा होतो. पण तो कायदा डेरिव्हेटिव्हसारख्या वित्तीय करारांसाठी आहे. मालाची आणि सेवांची समूहांतर्गत बिले त्याच्या कक्षेत येत नाहीत.

या अटी लावल्यावर फायदा किती उरतो?

वरच्या उदाहरणात थोडा तपशील भरू. अमेरिकेकडून भारताला यायचे १५ लाख युरो हे चाकणच्या अभियांत्रिकी केंद्राने केलेल्या आरेखनाचे, म्हणजे सेवेचे आहेत. जर्मनीला द्यायच्या ४० पैकी ३४ सुट्या भागांचे आणि ६ तांत्रिक सेवांचे आहेत. जर्मनीकडून यायचे ३० आणि जपानला द्यायचे १० हे दोन्ही मालाचेच.

मालाच्या खात्यात भारताने ३४ आणि १० मिळून ४४ द्यायचे आणि ३० घ्यायचे. निव्वळ देणे १४. सेवांच्या खात्यात ६ द्यायचे आणि १५ घ्यायचे. निव्वळ येणे ९. इतर कुठल्या देशात या दोन खात्यांना वळते करून ५ भरले असते. भारतात मात्र १४ बाहेर जातात आणि ९ आत येतात. नेटिंगची एकूण रक्कम २७ वरून ३६ लाख युरोंवर जाते, चार रकमांच्या पाच होतात.

तरीही ३६ आणि १७६ यांत अंतर मोठे आहे. त्याच ०.२० टक्के फरकाने बँकांचा वाटा ३५,२०० युरोंवरून ७,२०० युरोंवर येतो. महिन्याला २८,००० युरो वाचतात. युरोला १०० रुपये धरले तर २८ लाख रुपये, वर्षाला सुमारे ३ कोटी ३६ लाख. भारताच्या अटींची किंमत महिन्याला १,८०० युरो पडली. अटी जाचक असल्या तरी त्यांच्यामुळे नेटिंग निरुपयोगी ठरते, असे वित्त विभागांत बोलले जाते ते या आकड्यांवरून तरी खरे दिसत नाही. खरा त्रास रकमेचा नाही, कागदांचा आहे.

कॅलेंडर वर्षाची अट वर्षाखेरीस बोचते. नोव्हेंबरात जर्मनीला पाठवलेल्या मालाचे पैसे फेब्रुवारीच्या चक्रात यायचे असतील आणि त्यासमोर जानेवारीतले आयात बिल उभे असेल, तर ही दोन अंगे वेगळ्या वर्षांतली ठरतात. व्यवहारी कंपन्या यासाठी डिसेंबरात एक जादा चक्र चालवतात आणि वर्षातली शक्य तितकी बिले तेव्हाच मिटवतात. उरलेली नेहमीच्या मार्गाने, पूर्ण रकमेने जातात.

बिघडते कुठे?

सर्वात नेहमीची चूक नोंदींत होते. समूहाच्या युरोपातील केंद्राच्या लेखी देणे मिटलेले असते, चाकणच्या वहीतही ते मिटलेले असते. पण बँकेने ‘ईडीपीएमएस’मध्ये वळते केल्याची खूण केलेली नसते. मग ते शिपिंग बिल उघडेच दिसते. निर्यातीचे पैसे आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेला ड्युटी ड्रॉबॅकसारखा लाभ अडचणीत येतो. म्हणून चक्र संपल्यावर दर महिन्याला बँकेकडून उघड्या शिपिंग बिलांची यादी मागवून ती नेटिंग विवरणाशी ताडून पाहणे हे काम टाळता येत नाही. यादी दर महिन्याला लांबत चालली असेल तर व्यवस्था बिघडली आहे हे समजावे.

कराचा प्रश्न दुसरा. जर्मनीला द्यायच्या ६ लाख युरोंच्या तांत्रिक सेवा शुल्कावर भारतात करकपात करावी लागते. रक्कम वळती झाली, प्रत्यक्ष पाठवली नाही, म्हणून ही जबाबदारी टळत नाही. आणि कपात निव्वळ रकमेवर नव्हे, पूर्ण बिलावर. जीएसटीच्या बाजूनेही अशीच अडचण आहे. सेवा निर्यात ठरण्यासाठी तिचा मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात मिळणे ही एकात्मिक जीएसटी कायद्यातील एक अट आहे. १५ पैकी ६ लाख युरो वळते झाले, तर ते ‘मिळाले’ का, हा प्रश्न परतावा मागताना विचारला जाऊ शकतो. अशा वेळी बँकेने पूर्ण रकमेने केलेली स्वतंत्र नोंद हाच कंपनीचा पुरावा असतो. म्हणजे नोंदींची जी अट सुरुवातीला ओझे वाटते, तीच पुढे ढाल ठरते.

तिसरी चूक ट्रेझरीतच होते आणि ती महागात पडते. चाकणच्या वित्त विभागाने येत्या महिन्याच्या आयातीसाठी ४० लाख युरोंचे वायदे सौदे आधीच करून ठेवलेले असतात. नेटिंग सुरू होते आणि मालासाठी बँकेतून प्रत्यक्ष १४ लाख युरोच लागतात. उरलेल्या २६ लाख युरोंच्या सौद्यांमागे आता देणेच नाही. ते रद्द करावे लागतात, आणि दर उलटे फिरले असतील तर नुकसान सोसून. म्हणून नेटिंगचा पहिला महिना ठरवताना जुन्या वायद्यांच्या तारखा आधी तपासायच्या असतात.

इथेच एक गैरसमजही दूर करायला हवा. नेटिंगने चलन बदलण्याचा खर्च घटतो, दर वरखाली होण्याची जोखीम संपत नाही. बिल १ तारखेला फाडले आणि नेटिंगचा दर २५ तारखेला गोठला, तर मधल्या दिवसांत रुपया घसरल्याचा फटका भारतीय कंपनीला बसतोच. ती जोखीम वायदे सौद्यांनीच झाकावी लागते. फक्त आता ती निव्वळ रकमेवर झाकायची असते.

केंद्रच कोसळले तर?

सगळे धागे एका ठिकाणी बांधले की ती गाठ सुटण्याची भीतीही येते. एखादी कंपनी ठरलेल्या दिवशी आपले निव्वळ देणे भरू शकली नाही, तर केंद्राला तेवढी रक्कम स्वतःच्या पदरची घालावी लागते किंवा येणेकऱ्यांना थांबवावे लागते. त्यामुळे बहुतेक करारांत अशा कंपनीला त्या चक्रातून बाहेर काढून उरलेल्यांचा हिशेब पुन्हा मांडण्याची तरतूद असते.

पालक कंपनीच बुडाली तर प्रश्न अधिक कठीण होतो. लेहमन ब्रदर्सच्या बाबतीत लंडनमधील उपकंपनीची रोकड रोज न्यूयॉर्कमधल्या मध्यवर्ती खात्यात ओढली जात असे. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लंडनकडे सोमवारचे व्यवहार चालवायलाही पैसे नव्हते. ती पद्धत रोकड एकत्र करण्याची होती, नेटिंगची नव्हे. पण मध्यवर्ती केंद्रावर किती विसंबायचे, या चर्चेत तिचा दाखला आजही दिला जातो. नेटिंगमध्ये केंद्राकडे पैसे एक-दोन दिवसच राहतात, त्यामुळे धोका त्या तुलनेत खूपच लहान असतो.

भारतात दिवाळखोरी संहितेचाही विचार करावा लागतो. भारती एअरटेल आणि एअरसेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये असा निर्णय दिला, की दिवाळखोरी निराकरण प्रक्रिया सुरू झाल्यावर देणेकऱ्याला आपले येणे परस्पर वळते करून घेण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच लागू झालेला कराराधारित वळतेपणा, आणि एकाच व्यवहारात गुंतलेली परस्पर देणी, एवढे अपवाद न्यायालयाने मानले. म्हणजे समूहातली भारतीय कंपनी अडचणीत आली तर आधीच झालेला लेखी करार आणि त्यातल्या तारखा यांवर बरेच काही ठरेल. रिझर्व्ह बँकेनेही लेखी, अंमलात आणता येणारा करार मागितलेला आहे. तो बँकेच्या फायलीत ठेवण्यापुरता समजणाऱ्या कंपन्यांनी हा निकाल वाचायला हवा.

कुणाला उपयोग, कुणाला नाही?

नेटिंगचा फायदा समूह किती मोठा आहे यावर नव्हे, तर पैसे किती दिशांना वाहतात यावर अवलंबून असतो. पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथे उभी राहिलेली अनेक जागतिक क्षमता केंद्रे परदेशातील पालक कंपनीला फक्त सेवा पुरवतात आणि खर्चावर ठरावीक टक्के जोडून बिल पाठवतात. पैसे एकाच दिशेने, एकाच चलनात येतात. तिथे वळते करण्यासारखे दुसऱ्या बाजूला काहीच नसते. नेटिंगची महागडी प्रणाली घेऊनही बचत जवळपास शून्य. याउलट चाकण, तळेगाव किंवा वाळूजमधला, भाग मागवणारा आणि भाग पाठवणारा कारखाना आकाराने लहान असला तरी त्याला फायदा होतो. दोन कंपन्यांचाच समूह असेल तर मध्यवर्ती केंद्राची गरजच नाही, आपसातला द्विपक्षीय हिशेब पुरतो.

केंद्र कुठे असावे, हा पुढचा प्रश्न. आजवर ही केंद्रे युरोपात किंवा सिंगापूरमध्ये राहिली आहेत. गुजरातमधील गिफ्ट सिटीत समूहांची ट्रेझरी केंद्रे यावीत म्हणून आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र प्राधिकरणाने २०२१ मध्ये चौकट आखली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती नव्याने मांडली. फेमाच्या दृष्टीने गिफ्ट सिटीतील असे केंद्र परदेशीच मानले जाते. त्यामुळे तिथे नेटिंग केंद्र उघडले तरी चाकणच्या कारखान्याला माल आणि सेवा यांची खाती वेगळीच ठेवावी लागतील. १४ बाहेर आणि ९ आत हा हिशेब बदलणार नाही.